रोज किती अंडी, आणि पिवळं फेकायचं का?

सर, माझं वय २४, वजन ६८ किलो. आठ महिन्यांपासून जिमला जायलो, पोलीस भरतीचीबी तयारी चालू आहे. आमचा ट्रेनर म्हणतो रोज १० अंडी खा पण फक्त पांढरं, पिवळं फेकून दे, नाहीतर कोलेस्टेरॉल वाढतं. आई म्हणते एवढी अंडी उष्ण पडतात. दिवसाला नेमकी किती अंडी खायची आणि पिवळं खायचं का नाही?

तू रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासलेलं असेल आणि रिपोर्ट साफ असेल, तर रोज तीन ते चार अंडी पिवळ्यासकट खा. तेवढ्यावर प्रोटीन कमी पडलं तरच वरून दोन-तीन अंड्यांचं पांढरं घे. रिपोर्टच नसेल तर तो येईपर्यंत दोन अख्खी अंडी पुरेत, बाकीचं पांढरं. हे झालं उत्तर. आता हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण तुझ्या शेजारच्या ट्रेडमिलवर पळणाऱ्याचा आकडा वेगळा निघू शकतो.

मी लातुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी पोरं भरतीची किंवा जिमची असतात. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "अंडी किती?" मी उलट विचारतो, "घरी काय जेवतोस?" पोरं वैतागतात. पण अंड्यांचा आकडा ताटातूनच निघतो. दिवसाला लागणारं प्रोटीन किती आणि घरच्या जेवणातून मिळतं किती, यातला फरक अंड्यांनी भरायचा असतो.

तुझाच हिशोब करू. वजन उचलणाऱ्या माणसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. त्याच्या वर गेलं तरी स्नायूंना फारसा जास्तीचा फायदा होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलंय. ६८ गुणिले १.६ म्हणजे १०९, सोयीसाठी ११० ग्रॅम धरू.

आता आपल्याकडचं साधं घर डोळ्यासमोर आण. दिवसाला ज्वारीच्या चार भाकरी, प्रत्येकीला ६५ ग्रॅमच्या आसपास पीठ. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे चार भाकरींचे २६ झाले. दोन वेळचं तुरीचं वरण मिळून ६० ग्रॅम डाळ, त्याचे १३. अर्धा लिटर दुधाचे १६. सकाळी भिजवलेले हरभरे, कोरडे मोजले तर ५० ग्रॅम, त्यांचे १०. मूठभर शेंगदाण्यांचे ७. थोडा भात आणि भाजी मिळून ६. बेरीज ७८. कमी पडतात ३२ ग्रॅम.

एका मध्यम अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. चार अंड्यांचे २४ झाले, उरले ८. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम, म्हणून दोन पांढऱ्यांचे ७. विषय संपला. चार अख्खी, दोन पांढरी. दहाची गरज कुठेच आली नाही.

पण हे ताट खरंच तुझं आहे का, ते तूच बघ. लातूरच्या ट्यूशन एरियात मेसवर जेवणाऱ्या पोराचं वरण म्हणजे पिवळं पाणी असतं आणि दूध चहापुरतं. त्याची बेरीज पन्नासच्या पुढे जात नाही. अशा पोराने खड्डा निव्वळ अंड्यांनी भरायला घेतला तर आकडा दहावर जातो, आणि त्याला वाटतं दहा अंडी ही जिमची गरज आहे. खरं तर ती मेसच्या वरणाची भरपाई असते. त्याला मी आधी अर्धा लिटर दूध आणि भिजवलेले हरभरे सुरू करायला लावतो, अंड्यांचं मग बोलतो.

आता तुझ्या ट्रेनरचं गणित. दहा अंड्यांचं पांढरं म्हणजे ३५ ग्रॅम प्रोटीन. सहा अख्ख्या अंड्यांत ३६ असतं. पिवळ्यात प्रोटीन नसतंच असं जिममधल्या निम्म्या पोरांना वाटतं, पण एका बलकात अडीच-पावणेतीन ग्रॅम असतं. म्हणजे दहा बलक फेकून तू रोज २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन कचऱ्यात टाकतोस. अंडं सात रुपयांना धरलं तर ७० रुपये घालवून ३५ ग्रॅम मिळवतोस, जे ४२ रुपयांत मिळालं असतं. महिन्याला आठशे रुपयांच्या वर फरक पडतो. तेवढ्यात तुझं महिन्याचं दूध बरंचसं सुटेल.

शिवाय बलकात नुसतं प्रोटीन नाही. अंड्यातलं अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, बी-१२चा बहुतेक वाटा आणि कोलीन नावाचं पोषकद्रव्य हे सगळं पिवळ्यात असतं. आपल्याकडची बहुतेक पोरं मटण-चिकन आठवड्यातून एकदा खातात, काही तेवढंही नाही. त्यांच्या रिपोर्टमध्ये बी-१२ आणि ड कमी निघणं इतकं नेहमीचं झालंय की मला आता नवल वाटत नाही. तीच पोरं बलक कुत्र्याला घालतात आणि मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणतात.

व्यायामानंतर अख्खं अंडं खाल्लेलं बरं की तेवढंच प्रोटीन पांढऱ्यातून घेतलेलं, हे लोकांनी मोजून पाहिलंय. २०१७मधल्या एका छोट्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्या दहा तरुणांना दोन्हींतून १८ ग्रॅम प्रोटीन दिलं. अख्ख्या अंड्यांनंतर स्नायू बांधण्याचा वेग जास्त दिसला. पण त्यावर लगेच नाचू नकोस. तो काही तासांचा हिशोब होता, आणि पुढे १२ आठवडे तीन अख्खी विरुद्ध सहा पांढरी अशी तुलना झाली तेव्हा स्नायूंच्या वजनात दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणून पिवळ्याने बॉडी जास्त बनते असं मी म्हणत नाही. पिवळं फेकल्याने ती जास्त बनत नाही, एवढं मात्र नक्की.

मग कोलेस्टेरॉल. ट्रेनर अगदीच हवेत बोलत नाही. एका बलकात १८० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शनात पूर्वी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती आकड्यातली मर्यादा २०१५च्या आवृत्तीत काढून टाकली. कारण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच बनवतं. खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन कमी करतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात तूप, लोणी, डालडा आणि साय यांतल्या चरबीचा हात अंड्याच्या कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा असतो.

पण वरच्या वाक्यातला 'बहुतेकांचं' हा शब्द वाचून पुढे जाऊ नकोस. काही माणसांचं शरीर उत्पादन कमी करत नाही. त्यांनी चार बलक खाल्ले की एलडीएल सरळ वर जातं. असा माणूस बाहेरून ओळखू येत नाही, सडपातळ असू शकतो, सिक्स पॅकवाला असू शकतो. आणि मोठ्या लोकसंख्येवरचे अभ्यास बहुतेक दिवसाला एका अंड्याच्या आसपासच बोलतात. रोज चार-पाच अंडी वर्षानुवर्षं खाणाऱ्यांबद्दल खात्रीने सांगावं एवढा पुरावा नाही. म्हणून चारच्या पुढे जायला मी कुणाला सांगत नाही, आणि चारसुद्धा रिपोर्ट बघूनच सांगतो.

रिपोर्ट कसा काढायचा ते नीट ऐक, कारण इथेच गडबड होते. अंडी वाढवायच्या आधी एकदा लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी कर. रात्री जेवून दहा-बारा तास काही न खाता सकाळी रक्त दे. त्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम करू नकोस. नंतर ठरलेली अंडी सहा ते आठ आठवडे रोज सारखीच खा. त्या काळात तूप वाढवू नको, नवीन पावडर सुरू करू नको, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. मग त्याच लॅबमध्ये पुन्हा तपास.

एलडीएल १००च्या खाली असेल तर चार बलकांना माझी हरकत नसते. १०० ते १३० असेल तर दोन, आणि तूप-सायीकडे लक्ष. १३०च्या वर असेल तर एकच, बाकी पांढरं, आणि डॉक्टरांना दाखव. या रेषा मी माझ्या कामासाठी आखल्यात. तुझे डॉक्टर इतर गोष्टी बघून वेगळं सांगतील तर त्यांचं ऐक.

दोन वर्षांपूर्वी औसा रोडवरून एक पोरगा यायचा. २६ वर्षांचा, वजन ७४, पोटावर चरबी नावाला नाही. पहिल्या रिपोर्टमध्ये एलडीएल १०४. त्याने माझं न ऐकता रोज सहा अख्खी अंडी सुरू केली, तीन महिन्यांनी एलडीएल १५१. तो घाबरला, अंडी पूर्ण बंद करतो म्हणाला. मी म्हटलं थांब, खातोस कशी ते सांग. तेव्हा कळलं की चार उकडलेली घरी, आणि दोन अंड्यांची भुर्जी रोज संध्याकाळी गाड्यावर. तिथे पळी भरून तेल आणि वर बटरचा गोळा, सोबत बटर लावून भाजलेले चार पाव. घरी आई भाकरीवर तुपाची धार सोडायची ती वेगळीच. आता दोष अंड्याचा की बटरचा? आम्ही आधी फक्त गाडा आणि तूप बंद केलं, घरची चार अंडी तशीच ठेवली. सहा आठवड्यांनी आकडा १३२वर आला. मग बलक चारावरून एकावर आणला, पांढरं वाढवलं. आणखी आठ आठवड्यांनी ११०. म्हणजे काही वाटा बटर-तुपाचा होता आणि काही खरंच बलकाचा. त्याचं शरीर त्या 'काही माणसांतलं' निघालं. तो आजही एक अख्खं आणि पाच पांढरी खातो, त्याच्यासाठी तेच बरोबर आहे. एकाच वेळी सगळं बंद केलं असतं तर हे कधी कळलंच नसतं.

त्याच रिपोर्टवरून होणारा दुसरा घोटाळा सांगतो. पोरं लिपिडसोबत फुल बॉडी चेकअप करतात आणि त्यात एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरच्या तपासणीत मोजले जाणारे घटक वाढलेले येतात. लगेच घरात बोंब, अंड्यांनी लिव्हर खराब झालं. हे दोन्ही घटक स्नायूंतही असतात. आदल्या दिवशी पायांचा जोरदार व्यायाम केला असेल तर ते रक्तात वाढलेले दिसतातच, आणि काही दिवस तसेच राहू शकतात. म्हणून वर विश्रांती सांगितली. आठवडाभर आराम करूनही वाढलेलेच राहिले तर मात्र डॉक्टरांकडे जा. आणि जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या देत असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नको. स्टेरॉइडने चांगलं कोलेस्टेरॉल धाडकन खाली येतं, लिव्हरवर ताण येतो, आणि घरात नाव अंड्याचं येतं.

आता आईचं म्हणणं. 'उष्ण पडतात' याला मी हसत नाही, त्यामागे बघितलेलं काहीतरी असतं. दहा पांढरी खाणाऱ्या पोराचं जेवण बघ. अंड्यांनी पोट भरलं म्हणून भाकरी दोनवर आली, पालेभाजी सुटली. अंड्यात तंतू शून्य. त्यात आपला एप्रिल-मे, बाहेर ४२ अंश, घाम गळतोय आणि पाणी दोन बाटल्या. पोट साफ होत नाही, शौचाला आग होते, आई म्हणते उष्ण पडलं. भाकरी आणि भाजी पूर्ववत केली, ताक आणि पाणी वाढवलं की तक्रार बहुतेक वेळा जाते, अंडी तीच ठेवून. आणि तो वास, ज्यावरून रूममेट भांडतात, तो अंड्यातल्या गंधकाचा. एका बैठकीत आठ-दहा अंडी गेली की न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जंतू त्याचा वायू करतात. म्हणून सकाळी तीन, संध्याकाळी व्यायामानंतर उरलेली, असं वाटून खा.

कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याचा प्रकार अजून तालमीत आणि काही जिममध्ये चालतो. तो बंद कर. शिजवलेल्या अंड्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचा घटक असतो. तो बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतो आणि शरीराला मिळू देत नाही. शिजवलं की त्याचा जोर जातो. शिवाय साल्मोनेला जंतूंची भीती आहेच, आणि भरतीच्या आदल्या आठवड्यात जुलाब लागले तर आठ महिन्यांची मेहनत गेली.

उकळत्या पाण्यात नऊ-दहा मिनिटं पुरेत, मग थंड पाण्यात टाक. बलकाभोवती हिरवट-काळं कडं आलं तर समज, जास्त उकळलंय. खायला चालतं, पण कोरडं आणि वासट होतं. उन्हाळ्यात तीस अंड्यांचा ट्रे आणून पत्र्याच्या खोलीत ठेवू नको. फ्रिज नसेल तर दोन दिवसांपुरतीच आण. शंका आली तर पाण्यात सोडून बघ. तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेक. गावरान अंडं मिळालं तर खुशाल खा, पण ते आकाराने लहान असतं, म्हणून हिशोबात त्याचं प्रोटीन ६ नाही, साडेचार-पाच धर. दुप्पट पैसे देऊन ताकद दुप्पट मिळत नाही.

आता एक गोष्ट जी पुण्या-मुंबईचे डाएट चार्ट विचारतच नाहीत. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, वर श्रावण आणि नवरात्र. तुझ्या घरात यातलं काय पाळतात ते मला माहीत नाही, पण बऱ्याच घरांत आठवड्याला दोन-तीन दिवस अंडं चुलीवर चढत नाही. मग पोरं मंगळवारी दुप्पट खाऊन भरपाई करतात. तशी भरपाई होत नसते. त्या दिवशी ५० ग्रॅम कोरडे सोयाचंक भिजवून, पिळून, भाजीत टाक, २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन मिळतं. आपण सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, पोती भरून अडतीवर घालतो आणि स्वतःच्या ताटात एक दाणा नसतो. फक्त घरचं आख्खं सोयाबीन वापरलंस तर भिजवून कुकरमध्ये चांगलं शिजव. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं प्रोटीन पचू देत नाही.

निव्वळ पांढऱ्याला माझा विरोध आहे असं समजू नकोस. वजन उतरवायचं असेल तर त्याचा खरा उपयोग आहे. एका बलकात ५५ कॅलरी असतात, पांढऱ्यात १७. नव्वद किलोच्या माणसाला मी दोन अख्खी आणि चार पांढरी सांगतो. पोट भरतं, प्रोटीन मिळतं, कॅलरी आटोक्यात राहतात. पण तू ६८ किलोचा, रोज धावतोस, वजन उचलतोस. तुला कॅलरी हव्यातच, त्या फेकून काय करणार?

काही लोकांना मात्र वरचं काहीच लागू नाही. ज्यांना शुगर आहे, ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आलाय, किंवा ज्यांच्या घरात कोलेस्टेरॉल पिढीजात जास्त आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाच्या वर बलक खाऊ नये. किडनीचा त्रास असेल तर प्रश्न पिवळ्या-पांढऱ्याचा राहत नाही, एकूण प्रोटीनचाच होतो. तो आकडा किडनीच्या डॉक्टरांनीच द्यायचा.

तू आता एवढं कर. उद्यापासून दोन अख्खी आणि चार पांढरी, त्यातून २६ ग्रॅम मिळतील, कमी पडलेले सहा दुधाच्या एका ग्लासातून घे. या आठवड्यात एक दिवस लिपिड प्रोफाईल कर, आधी तीन दिवस पायांचा व्यायाम सोड. रिपोर्ट आला की एलडीएलचा आकडा कळव, आणि वडील-चुलत्यांत कुणाला हार्टचा त्रास आहे का तेही आईला विचारून लिही.